थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम : मधले चार तास

थायरॉइड ग्रंथी शस्त्रक्रियेने पूर्ण काढल्यावर रुग्णाला लेव्होथायरॉक्सिन कायमचे घ्यावे लागते. ग्रंथीला चिकटून असलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावल्या असतील, तर रक्तातले कॅल्शियम घसरते आणि ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. मग कॅल्शियमच्या गोळ्याही सुरू होतात. नेमक्या या दोन औषधांचे पोटात पटत नाही.

थायरॉक्सिन लहान आतड्यातून रक्तात जाते, तेही रिकाम्या पोटी उत्तम. त्याच वेळी पोटात कॅल्शियम असेल तर थायरॉक्सिन त्याला चिकटते आणि त्यातले काही न शोषता बाहेर पडते. म्हणून दोन्हींत किमान चार तासांचे अंतर ठेवायला सांगतात. हीच अडचण लोहाच्या गोळीचीही आहे.

कॅल्शियम विभागून घेण्याचे कारण वेगळे. आतडे एका वेळी साधारण ५०० मिलिग्रॅमपर्यंतच कॅल्शियम चांगले शोषते. त्याहून जास्त घेतले की शोषणाचे प्रमाण घटते. इथे पाकिटावरचा आकडा नीट वाचावा : १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असते. कार्बोनेटला जठरातले आम्ल लागते, म्हणून ते जेवणासोबत घ्यावे. सायट्रेटला ही अट नाही.

दिवसातून दोनदा कॅल्शियम असेल तर वेळा सहज बसतात. सकाळी सहाला थायरॉक्सिन नुसत्या पाण्याबरोबर, चहा-नाश्ता अर्ध्या-पाऊण तासाने, कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणात. चहा लगेच नको, कारण दुधातही कॅल्शियम असतेच. तीन वेळा कॅल्शियम असेल तर मात्र सकाळ अडते. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने थायरॉक्सिन रात्री हलवता येते : कॅल्शियम सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी सातच्या जेवणासोबत, आणि थायरॉक्सिन अकराला, झोपताना. यात संध्याकाळचे जेवण लवकर उरकावे लागते, आणि घरोघरी गाडी नेमकी तिथेच अडते. मुंग्या येत असताना मात्र अंतर जमावे म्हणून कॅल्शियमचा डोस परस्पर गाळू नये. तो प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवावा.

अंतर पाळले नाही तर लगेच काही जाणवत नाही. थायरॉक्सिन शरीरात बरेच दिवस टिकते, त्यामुळे एखाद्या दिवशीच्या चुकीने फारसे बिघडत नाही. रोजची चूक काही आठवड्यांनी टीएसएच वाढल्याने रक्ततपासणीत दिसते; थकवा, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणे ही लक्षणेही दिसू शकतात. अशा वेळी गोळ्यांच्या वेळा न विचारता थायरॉक्सिनचा डोस वाढवला जातो. पुढे कॅल्शियम बंद झाले की तोच वाढीव डोस जास्त ठरतो आणि छातीत धडधड, हाताला कंप सुरू होतो. म्हणून कॅल्शियम सुरू, बंद किंवा त्याची वेळ बदलल्यास डॉक्टरांना कळवावे आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावे.