बाटलीतलं क्रिएटिन का टिकत नाही?

कोरडी क्रिएटिन पावडर डब्यात वर्षानुवर्षं टिकते. तीच पाण्यात विरघळवून बाटलीत भरली, की तिचं आयुष्य मोजकं उरतं. पाण्यात क्रिएटिनचा रेणू स्वतःतला पाण्याचा एक रेणू सोडतो, त्याची टोकं जुळून वलय बनतं आणि क्रिएटिनिन तयार होतं. स्नायूंना त्याचा काही उपयोग नाही; मूत्रपिंडं ते लघवीवाटे बाहेर टाकतात.

हा बदल किती वेगानं होतो, ते आंबटपणा आणि उष्णता ठरवतात. खोलीच्या तापमानाला, म्हणजे २५ अंशांना, ५.५ पीएचच्या द्रावणात तीन दिवसांत सुमारे ४ टक्के क्रिएटिन जातं, ३.५ पीएचला सुमारे २१ टक्के. फळांच्या चवीची बहुतेक पेयं अशीच आंबट असतात. म्हणजे ५ ग्रॅम घातलेल्या अशा बाटलीतलं जवळपास एक ग्रॅम तीन दिवसांतच संपतं, आणि दुकानात ती कित्येक आठवडे उभी असते. फ्रिजमध्ये वेग मंदावतो, थांबत नाही.

रंग किंवा चवीवरून हे ओळखता येत नाही, प्रयोगशाळेतच कळतं. म्हणून लेबलवरच्या आकड्यावर विसंबू नका. पावडर घ्या, पाण्यात ढवळा आणि लगेच प्या.