अकरावी-बारावीतील विषयनिवड आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांची पात्रता

अकरावी-बारावीतील विषयनिवड म्हणजे महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या विज्ञान शाखेत विद्यार्थ्याने दोन वर्षांसाठी निवडलेला विषयसंच होय. अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माणशास्त्र, परिचर्या इत्यादी व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी बारावीला कोणते विषय असावेत, हे संबंधित नियामक संस्थेने ठरविलेले असते. त्यामुळे दहावीनंतर, बहुधा पंधराव्या-सोळाव्या वर्षी, केलेल्या निवडीवर दोन वर्षांनंतरचे प्रवेश अवलंबून राहतात. या लेखात प्रामुख्याने गणित व जीवशास्त्र यांपैकी एक किंवा दोन्ही विषय निवडण्याचा प्रश्न आणि त्याच्याशी निगडित पात्रतानियम यांचा विचार केला आहे.

## विषयसंचाची रचना

विज्ञान शाखेतील विद्यार्थी सहा विषयांची, एकूण 600 गुणांची परीक्षा देतो. इंग्रजी अनिवार्य असते. त्याबरोबर सामान्यतः दुसरी भाषा किंवा महाविद्यालयात उपलब्ध असलेला तिचा पर्याय आणि चार वैकल्पिक विषय घेतले जातात. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र बहुतेक सर्व विद्यार्थी घेतात. खरी निवड उरलेल्या दोन जागांची असते. त्यावरून तीन संच रूढ झाले आहेत: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांचा *पीसीएम*; गणिताऐवजी जीवशास्त्र असलेला *पीसीबी*; आणि दोन्ही विषय असलेला *पीसीएमबी*. पीसीएम किंवा पीसीबी घेणारा विद्यार्थी रिकाम्या जागी भूगोल, मानसशास्त्र यांसारखा विषय घेतो.

द्विलक्षी अभ्यासक्रम ही याच रचनेतील वेगळी सोय आहे. संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स यांसारखा द्विलक्षी विषय 200 गुणांचा असून तो दुसरी भाषा आणि एक वैकल्पिक विषय अशा दोन विषयांची जागा घेतो. इंग्रजी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांचे 400 गुण व द्विलक्षी विषयाचे 200 गुण मिळून 600 गुण पूर्ण होतात. त्यामुळे गणितासह द्विलक्षी विषय घेतल्यास जीवशास्त्राला जागाच उरत नाही. प्रवेश अर्ज भरताना ही बाब अनेकदा लक्षात येत नाही, कारण अर्जावर ‘जीवशास्त्र सोडले’ अशी नोंद कोठेच नसते.

## पात्रतानियमाचे तीन स्तर

पात्रतेचा कोणताही नियम वाचताना तीन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. पहिला, कोणते विषय असलेच पाहिजेत. दुसरा, त्यांपैकी कोणत्या विषयांच्या एकत्रित गुणांवर किमान टक्केवारीची अट आहे. तिसरा, कोणती प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बारावीच्या गुणपत्रिकेवरील एकूण टक्केवारी यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर देत नाही. तसेच प्रवेश परीक्षेत उत्तम गुण मिळाले तरी पहिल्या दोन अटींतील उणीव भरून निघत नाही.

### अभियांत्रिकी

राज्यातील प्रवेशांसाठी भौतिकशास्त्र व गणित अनिवार्य असतात. तिसरा विषय मात्र रसायनशास्त्रच असावा असे नाही. जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, संगणकशास्त्र, तांत्रिक किंवा व्यवसाय विषय यांसारख्या विषयांपैकी एक चालतो. या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गासाठी 45 टक्के आणि महाराष्ट्रातील मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक व दिव्यांग उमेदवारांसाठी 40 टक्के गुण आवश्यक असतात. प्रवेशाचा क्रम एमएचटी-सीईटी किंवा जेईई मेन या परीक्षेतील गुणांवर लागतो.

आयआयटीसाठी नियम अधिक कडक आहे. तेथे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे तिन्ही विषय लागतात. शिवाय बारावीला एकूण 75 टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी 65 टक्के) किंवा आपल्या मंडळातील वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये स्थान अपेक्षित असते.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2021 मध्ये अभियांत्रिकीसाठी चौदा विषयांची यादी देऊन त्यांपैकी कोणतेही तीन विषय पुरेसे धरण्याची मुभा दिली होती. त्यामुळे गणिताविनाही अभियंता होता येईल, असा समज पसरला. मात्र ही मुभा म्हणजे किमान मर्यादा होती. राज्ये व विद्यापीठे तिच्याहून अधिक अटी घालू शकतात. शिवाय प्रवेश परीक्षेत गणिताची प्रश्नपत्रिका कायम असल्याने गणित न घेतलेल्या विद्यार्थ्याला त्या मुभेचा प्रत्यक्ष उपयोग फारसा होत नाही.

### वैद्यकीय

एमबीबीएस व बीडीएस यांसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र (किंवा जैवतंत्रज्ञान) आणि इंग्रजी हे विषय आवश्यक असून प्रत्येक विषयात उत्तीर्ण व्हावे लागते. पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गासाठी 50 टक्के, अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गासाठी 40 टक्के आणि खुल्या प्रवर्गातील दिव्यांगांसाठी 45 टक्के गुणांची अट आहे. प्रवेश नीट परीक्षेतून होतो आणि प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत वयाची 17 वर्षे पूर्ण व्हावी लागतात.

येथे प्रवर्गाच्या सवलतीतील फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील उमेदवाराला राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशात गुणांची सवलत मिळते, परंतु वैद्यकीय पात्रतेत त्याला 50 टक्क्यांचीच अट लागू होते. एका अभ्यासक्रमातील सवलत दुसऱ्यात गृहीत धरता येत नाही.

### दोन्ही संचांना खुले असलेले अभ्यासक्रम

औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीसाठी भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांच्यासोबत गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक विषय पुरतो. कृषी पदवीसाठीही पीसीएम व पीसीबी हे दोन्ही संच ग्राह्य असतात. म्हणूनच एमएचटी-सीईटी पीसीएम व पीसीबी अशा दोन गटांत घेतली जाते आणि चारही विषय असलेला विद्यार्थी दोन्ही गटांची परीक्षा देऊ शकतो.

याउलट परिचर्या पदवीसाठी जीवशास्त्र लागते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या हवाई दल व नौदल शाखांसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय लागतात. भूदल शाखेसाठी मात्र कोणत्याही शाखेची बारावी चालते.

## उदाहरण

नियमांचा प्रत्यक्ष परिणाम पुढील काल्पनिक गुणपत्रिकेवरून स्पष्ट होतो. खुल्या प्रवर्गातील एका पीसीएमबी विद्यार्थ्याला प्रत्येकी 100 पैकी पुढीलप्रमाणे गुण मिळाले आहेत असे समजू.

| विषय | गुण |
|---|---|
| इंग्रजी | 72 |
| मराठी | 80 |
| भौतिकशास्त्र | 41 |
| रसायनशास्त्र | 42 |
| गणित | 50 |
| जीवशास्त्र | 66 |

एकूण 351 गुण, म्हणजे 58.50 टक्के. हा निकाल कोणालाही समाधानकारक वाटेल. परंतु भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांची बेरीज 133, म्हणजे 44.33 टक्के होते. अभियांत्रिकीसाठी 135 गुण हवेत. केवळ पीसीएम घेतलेल्या विद्यार्थ्याचा विचार येथेच संपला असता. या विद्यार्थ्याकडे मात्र जीवशास्त्र आहे. तिसरा विषय म्हणून ते धरल्यास 41, 50 व 66 यांची बेरीज 157, म्हणजे 52.33 टक्के होते आणि तो राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशास पात्र ठरतो.

वैद्यकीय प्रवेशासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांची बेरीज पाहावी लागते. ती 149 आहे. हवे होते 150. नीटमध्ये कितीही चांगला क्रमांक आला तरी एका गुणाच्या कमतरतेमुळे तो अपात्र ठरतो, कारण भाषांमध्ये मिळालेले 152 गुण या हिशेबात येतच नाहीत. हाच विद्यार्थी इतर मागासवर्गातील असता, तर 120 गुणांची अट त्याने सहज पूर्ण केली असती. औषधनिर्माणशास्त्रासाठी 45 टक्क्यांची अट असल्याने 149 गुणांवर तो पात्र आहे.

## पीसीएमबी संचाची मर्यादा

चारही विषय घेतल्याने मार्ग अधिक खुले राहतात, हे वरील उदाहरणातून दिसते. तथापि, पात्रतेच्या अटी विषयांच्या बेरजेवर असल्याने, चार विषयांचा भार न पेलून भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे गुण घसरले तर दोन्ही बाजूंची बेरीज एकाच वेळी कमी होते. हे दोन विषय बहुतेक संचांत समान असतात. म्हणून पात्रतेच्या दृष्टीने त्यांतील गुण सर्वांत महत्त्वाचे ठरतात. ज्या विद्यार्थ्याचा कल निश्चित आहे, त्याला चौथ्या विषयाचा उपयोग मर्यादितच असतो. कल निश्चित नसेल तर पहिल्या काही महिन्यांत चारही विषय ठेवून, महाविद्यालयाने विषयबदलासाठी दिलेल्या मुदतीत एक विषय सोडणे शक्य असते. बारावीत नवा विषय घेणे मात्र अवघड असते, कारण त्याचा अकरावीचा अभ्यासक्रम झालेला नसतो.

## राहून गेलेला विषय

बारावी उत्तीर्ण झाल्यावर न घेतलेला विषय देण्यासाठी राज्य मंडळात तुरळक विषय घेऊन परीक्षेस बसण्याची सोय आहे. घेतलेल्याच विषयांतील गुण वाढविण्यासाठी श्रेणीसुधार योजना आहे. या दोन्हींसाठी वेगवेगळे अर्ज असतात. वरील उदाहरणातील विद्यार्थ्याला श्रेणीसुधाराचा उपयोग होईल. जीवशास्त्र न घेतलेल्याला तुरळक विषयाचा.

वैद्यकीय प्रवेशात असा नंतर दिलेला विषय पूर्वी ग्राह्य धरला जात नसे. अकरावी व बारावीत दोन वर्षे नियमित व सलग अध्ययन झालेले असणे आवश्यक होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर 2023 मधील सूचनेद्वारे, बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण झालेल्यांना नीटसाठी पात्र ठरविले. त्यामुळे पीसीएम घेतलेल्या विद्यार्थ्याचा वैद्यकीय मार्ग आता पूर्णतः बंद राहत नाही, परंतु त्यासाठी बहुधा एक वर्ष द्यावे लागते.

अभियांत्रिकीकडे जाण्याचा आणखी एक मार्ग दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या तंत्रनिकेतन पदविकेचा आहे. पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो आणि तेथे बारावीच्या विषयसंचाचा प्रश्न उद्भवत नाही.

## लागू होणारा नियम

पात्रता अकरावीच्या वर्षीच्या नव्हे, तर प्रवेशाच्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेनुसार तपासली जाते. राज्यातील अभ्यासक्रमांची पुस्तिका राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष प्रसिद्ध करतो. विषय निवडताना विद्यार्थ्यापुढे चालू वर्षाचीच पुस्तिका असते, म्हणून टक्केवारीच्या अगदी काठावर विसंबणे धोक्याचे ठरते. अनिवार्य विषयांत सहसा मोठे बदल होत नाहीत. पर्यायी विषयांच्या यादीत आणि टक्केवारीत बदल अधिक वेळा होतात.

## हे सुद्धा पहा

* उच्च माध्यमिक प्रमाणपत्र परीक्षा
* एमएचटी-सीईटी
* राष्ट्रीय वैद्यकीय आयोग
* तंत्रनिकेतन