डोहाळ्यांच्या उलट्या कुठे थांबतात?

गरोदरपणी सकाळी मळमळते, एखादी उलटी होते, तरी पेज पोटात टिकते. हे साधे डोहाळे. पण शहापूर किंवा मुरबाडच्या पाड्यावरची ४५ किलोची बाई सव्वादोन किलोने उतरली, म्हणजे वजनाचा विसावा भाग गेला, घोटभर पाणीही टिकेना आणि लघवी गडद व कमी झाली, तर तो आजार आहे. ‘चौथ्या महिन्यात आपोआप थांबेल’ म्हणून घरी वाट पाहू नये. लघवीत कीटोन नाहीत एवढ्यावर तिला परत पाठवणेही चूक, कारण कीटोनवरून आजाराची तीव्रता ठरत नाही.

अशक्तपणा दिसला की ग्लुकोजची बाटली लावावी, असे अनेकांना वाटते. मात्र अनेक दिवसांच्या उपासाने शरीरातले थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपत आलेले असते. ग्लुकोज वापरताना उरलेलेही खर्ची पडते आणि मेंदूला इजा होऊ शकते. नजर दुहेरी होणे, तोल जाणे, गोंधळणे ही तिची लक्षणे. म्हणून आधी साधे मिठाचे सलाइन, रक्ततपासणीनुसार पोटॅशियम, आणि ग्लुकोज द्यायचेच तर त्याआधी थायामिन.

‘औषधाने बाळात व्यंग येईल’ ही भीती समजण्यासारखी आहे. डॉक्सिलामिन आणि बी-६ यांची जोडगोळी याच भीतीपोटी अमेरिकेत १९८३मध्ये बाजारातून गेली; जन्मजात व्यंगे घटली नाहीत, उलट्यांसाठी रुग्णालयात भरती होणाऱ्या गरोदर बायका मात्र वाढल्या. २०१३मध्ये ते औषध तिथे परतले. सुरुवात त्यानेच करावी. ऑनडान्सेट्रॉन पहिल्या तिमाहीत घेतल्यास दहा हजारांमागे सुमारे तीन जादा बाळांना ओठ वा टाळू दुभंगण्याचा धोका संभवतो. इतर औषधे पुरली नाहीत, तर हे सांगून डॉक्टर ते देऊ शकतात.