दंड परत मागणारे पत्र

नोकरी बदलली की जुन्या पगारखात्यात पगार येणे थांबते. काही महिन्यांनी बँक ते साध्या बचत खात्यात बदलते आणि किमान शिल्लक ठेवण्याची अट लागू होते. बऱ्याच जणांना हे कळते ते पासबुकात दंडाची नोंद दिसल्यावरच.

समजा, खात्यात सरासरी ३,००० रुपये हवे होते आणि जुलैत २,४०० राहिले. ५ ऑगस्टला ३०० रुपये दंड आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५४, असे ३५४ रुपये कापले गेले. अशा वेळी आपण सवलत मागतो आहोत की नियमाप्रमाणे परतावा, हे पत्र लिहिण्याआधी ठरवावे.

१ एप्रिल २०१५ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, शिल्लक कमी झाल्यास बँकेने एसएमएस, ईमेल किंवा पत्राने आधी कळवावे लागते आणि भरणा करायला किमान महिनाभर द्यावा लागतो. दंडही तुटीच्या प्रमाणात असावा लागतो, आणि केवळ दंडामुळे खाते उणे जाता कामा नये. म्हणून आधी मोबाइलमधले जुने संदेश आणि ईमेल तपासा. सूचना आली असेल, तर पत्रात फक्त अडचण सांगून सवलत मागा; ती देणे व्यवस्थापकाच्या अधिकारात आणि मर्जीवर असते. सूचना आलीच नसेल, तर पत्र असे लिहा:

प्रति,
शाखा व्यवस्थापक

विषय : बचत खाते क्र. ____ मधून कापलेला ३५४ रुपयांचा दंड परत मिळण्याबाबत

महोदय,
वरील खात्यातून ५ ऑगस्ट रोजी किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल ३५४ रुपये (जीएसटीसह) वजा झाले आहेत. हे माझे पगारखाते होते. त्याचा प्रकार बदलल्याची किंवा शिल्लक कमी असल्याची कोणतीही सूचना मला मिळालेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी सूचना देऊन एक महिन्याची मुदत देणे आवश्यक आहे. तरी ही रक्कम खात्यात परत जमा करावी आणि खाते शून्य शिल्लक चालणाऱ्या मूलभूत बचत खात्यात बदलावे, ही विनंती. सूचना पाठवली असल्यास तिची तारीख व प्रत द्यावी.
सोबत : पासबुकाच्या पानाची प्रत
आपला विश्वासू,
(सही, नाव, मोबाइल क्रमांक, तारीख)

शेवटची मागणी महत्त्वाची आहे, कारण ती केली की सूचना पाठवल्याचा पुरावा बँकेला दाखवावा लागतो. खाते बदलले नाही, तर पुढच्या महिन्यात पुन्हा दंड लागू शकतो. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते असेल, तर मूलभूत खाते मिळत नाही.

पत्राच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, सही, तारखेसह पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. तिथे ही पोच लागते, म्हणून ती घेतल्याशिवाय शाखेतून बाहेर पडू नका.