शाखाधिकाऱ्याचे खर्चाधिकार आणि त्यांच्या मर्यादा : एका कार्यालयीन आदेशाचे विवेचन

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. परंतु परभणी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे कार्यक्षेत्र त्याबरोबर विभागले गेले नाही. बँकेचे मुख्यालय परभणीस आणि तिच्या काही शाखा हिंगोली जिल्ह्यात, अशी स्थिती राहिली. अशा रचनेत शाखेतील प्रत्येक लहानसहान खर्चास मुख्यालयाची पूर्वमंजुरी घ्यावयाची म्हटले तर काम अडते. आणि शाखाधिकाऱ्यास मोकळीक द्यावी तर सभासदांच्या पैशावरील देखरेख सुटते. या दोहोंमधील मार्ग म्हणजे वित्तीय अधिकारांच्या प्रत्यायोजनाचा कार्यालयीन आदेश होय. असा आदेश वाचताना वाचकाची दृष्टी साहजिकच रकमेवर खिळते. परंतु मर्यादेचा आकडा नव्हे, तर तो आकडा कशास लागू आहे हे सांगणारे शब्द हाच आदेशाचा खरा गाभा होय, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम अधिकाराचे मूळ पाहू. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम ७२ अन्वये संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेकडे असतो, तर कलम ७३ अन्वये संस्थेचे व्यवस्थापन समितीकडे, म्हणजे बँकेच्या बाबतीत संचालक मंडळाकडे, सोपविलेले असते. शाखाधिकाऱ्यास स्वतःचा असा कोणताही खर्चाधिकार नसतो. मंडळाचा ठराव आणि त्यावर आधारलेला आदेश यांतूनच तो त्यास प्राप्त होतो. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. मिळालेला अधिकार, आदेशात तशी मुभा नसेल तर, शाखाधिकाऱ्यास आपल्या हाताखालील लेखनिकास देता येत नाही. तसेच अधिकार दिल्यानेच देणाऱ्याची देखरेखीची जबाबदारी संपत नाही.

विवेचनासाठी एक नमुना घेऊ. तो कोणत्याही विशिष्ट बँकेचा नसून त्यातील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

१. शाखा इमारतीच्या किरकोळ दुरुस्तीस एका कामासाठी ५,००० रुपयांपर्यंत आणि एका आर्थिक वर्षात एकूण ३०,००० रुपयांपर्यंत खर्च मंजूर करण्याचा अधिकार शाखाधिकाऱ्यास राहील.
२. हा अधिकार मंजूर अंदाजपत्रकातील तरतुदीस अधीन राहील.
३. २,००० रुपयांवरील खर्चास किमान तीन दरपत्रके घ्यावीत.
४. विलंबाने रोकड, दप्तर अथवा इमारत यांची हानी होण्याचा संभव असल्यास एका कामासाठी १०,००० रुपयांपर्यंत खर्च करता येईल. मात्र २४ तासांत मुख्यालयास कळवून ७ दिवसांत कार्योत्तर मंजुरी घ्यावी.
५. मंजूर खर्चाचे विवरणपत्र पुढील महिन्याच्या ५ तारखेपर्यंत पाठवावे.

आता कल्पना करा की, ऑक्टोबरातील परतीच्या पावसात व वाऱ्यात बँकेच्या मालकीच्या एका शाखा इमारतीच्या दप्तरखोलीवरील पत्रे उडाले. नव्या पत्र्यांस ४,८०० रुपये आणि ते बसविण्याच्या मजुरीस ३,४०० रुपये, असा एकूण ८,२०० रुपये खर्च दिसतो. त्या वर्षी दुरुस्तीवर २४,५०० रुपये आधीच खर्ची पडले आहेत.

सर्वांत सोपा, आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचा, मार्ग म्हणजे पत्र्यांचे एक आणि मजुरीचे दुसरे अशी दोन देयके करून दोन्ही ५,००० रुपयांच्या आत दाखविणे. परंतु आदेशातील शब्द ‘एका कामासाठी’ असे आहेत, ‘एका देयकासाठी’ असे नाहीत. पत्रे आणले ते बसविण्याकरिताच, काम एकच. मंजुरीची गरज टाळण्यासाठी मागणीचे तुकडे पाडू नयेत हा नियम केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ यांतील नियम १५७ मध्येही आहे. सहकारी बँकेस ते नियम आपोआप लागू होत नाहीत. पण त्यामागील तत्त्व येथेही तेच आहे.

मग चौथे कलम उपयोगी पडेल काय? ८,२०० ही रक्कम १०,००० च्या आत आहे. पण वर्षाचा एकूण खर्च ३२,७०० रुपये होतो, म्हणजे वार्षिक मर्यादा २,७०० रुपयांनी ओलांडली जाते. तातडीचा खर्च वार्षिक मर्यादेत मोजावयाचा की बाहेर, याविषयी आदेश मौन आहे. चौथे कलम हा अपवाद आहे; त्याने एका कामाची मर्यादा वाढविली, वर्षाची वाढविली असे त्यात म्हटलेले नाही. अपवादाचा अर्थ त्याच्या शब्दांपुरताच घ्यावयाचा असतो. म्हणून संपूर्ण काम या कलमाखाली करणे सुरक्षित नव्हे.

शिवाय त्या कलमाची अट ‘हानीचा संभव’ अशी आहे, आणि ती कामाच्या कोणत्या भागास लागते हे पाहावयास हवे. दप्तर त्याच दिवशी झाकणे निकडीचे आहे. नवे पत्रे बसविणे काही दिवस थांबू शकते. समजा, ताडपत्री व ती बांधण्याची मजुरी मिळून १,९०० रुपये लागले. हा खर्च पहिल्या कलमात बसतो, दरपत्रकांची गरज पडत नाही आणि वर्षाची बेरीज २६,४०० रुपयांवरच राहते. त्याच दिवशी घटनेची माहिती मुख्यालयास द्यावी, आणि तीन दरपत्रके मिळताच ताडपत्रीच्या खर्चाचा उल्लेख करून ८,२०० रुपयांचा प्रस्ताव पाठवावा.

येथे कोणी विचारील की, हेही तुकडे पाडणे नव्हे काय? उत्तर असे की, कामाचे टप्पे करणे आणि तुकडे पाडणे यांतील भेद उघडपणात आहे. टप्प्यांत संपूर्ण खर्च मंजुरी देणाऱ्यापुढे येतो; तुकड्यांत तो त्याच्यापासून दडविला जातो.

हा भेद लेखापरीक्षकास प्रमाणकांवरूनच कळतो. एकाच पुरवठादाराची लागोपाठच्या तारखांची देयके, मर्यादेच्या किंचित खाली थांबणाऱ्या रकमा, एकाच हस्ताक्षरातील तीन दरपत्रके आणि ‘तातडी’ असा शेरा असूनही मुख्यालयास कळविल्याची नोंद नसणे, ही त्याची लक्षणे होत. यांपैकी एखादे लक्षण म्हणजे अपहाराचा पुरावा नव्हे. पण ते खुलासा मागण्यास पुरेसे कारण आहे. लेखापरीक्षणात अथवा चौकशीत संस्थेच्या पैशाचा दुर्विनियोग आढळल्यास अधिनियमाच्या कलम ८८ अन्वये संबंधित व्यक्तीवर भरपाईचे दायित्व बसू शकते. पत्रे खरोखरच बसविले गेले, हे उत्तर हानीच्या प्रश्नास पुरे पडेल. अधिकाराच्या प्रश्नास ते पुरे पडत नाही.

तथापि सर्व दोष शाखाधिकाऱ्याच्या माथी मारणेही अयोग्य ठरेल. वरील उदाहरणात ताडपत्रीचे १,९०० रुपये हे एका अर्थी मर्यादेचेच मूल्य होते. मंजुरी शाखेतच शक्य असती तर त्यांतील बराच भाग वाचला असता. पत्रे, सिमेंट व मजुरी यांचे दर वाढत जातात आणि आदेशातील आकडा मात्र जागीच राहतो. काही वर्षांनी अगदी साधी दुरुस्तीही त्यात मावेनाशी होते आणि प्रामाणिक अधिकाऱ्यापुढेही तुकडे पाडण्याचा मोह उभा राहतो. म्हणून पाचव्या कलमातील मासिक विवरणपत्रे केवळ फाईलला लावण्यासाठी नसतात. अनेक शाखांच्या रकमा मर्यादेच्या लगत दाटू लागल्या, अथवा कार्योत्तर मंजुरीची प्रकरणे वाढली, तर मर्यादाच फेरविचारास आली आहे असे मुख्यालयाने समजावे.

नमुना आदेशातील उणीव भरून काढण्यास एक वाक्य पुरेल : ‘कलम ४ खालील खर्च वार्षिक मर्यादेत धरला जाणार नाही, परंतु असा खर्च वर्षभरात २०,००० रुपयांहून अधिक होऊ नये.’ एवढे लिहिले असते तर वार्षिक मर्यादेची अडचण उरली नसती, आणि शाखाधिकाऱ्यास निर्णय घेताना फक्त निकडीचाच विचार करावा लागला असता.