दहा हजारांचा माग

शहरात मजुरीला गेलेला माणूस गावी पैसे पाठवतो, तेव्हा ते एका झेपेत घरी पोचत नाहीत. शहरातले पैसे पाठवणारे दुकान, ते दुकान ज्या बँकेचे काम करते ती बँक, गावातले खाते आणि त्या खात्यातून रोख काढून देणारे ग्राहक सेवा केंद्र असे चार टप्पे असतात. प्रत्येक टप्प्यावर रक्कम कमी होऊ शकते, अडकू शकते किंवा दुसरीकडे वळू शकते. मात्र प्रत्येक टप्पा मागे एखादा कागद, संदेश किंवा नोंद ठेवतो. त्या नोंदी उलट्या क्रमाने, म्हणजे घराकडून शहराकडे वाचत गेले की बहुतेक वेळा पैसा सापडतो. फोनवर नवऱ्याला विचारून हे जमत नाही, कारण पाठवले इतकेच त्याला ठाऊक असते. तो खरेच सांगत असतो, पण त्याने काही उलगडत नाही.

हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या गावाचे प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. नवरा पुण्यात सेंट्रिंगच्या कामावर, बायको गावात, खाते बायकोच्या नावाने. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्याने दुकानात दहा हजार रुपये रोख आणि शेकडा एक रुपया प्रमाणे शंभर रुपये कमिशन दिले. तीन दिवसांनी बायको केंद्रावर जाऊन अंगठा लावून आली तेव्हा तिच्या हातात चौदाशे रुपये पडले. केंद्रचालक म्हणाला, ‘खात्यावर आता एवढेच आहेत.’ आठ हजार सहाशेंचा हिशेब लागत नव्हता. अशा वेळी घरात पहिला संशय नवऱ्यावर जातो आणि दुसरा केंद्रचालकावर. पासबुकाची आठवण सहसा सगळ्यात शेवटी होते, आणि सुरुवात करायला हवी ती तिथूनच.

शाखेत जाऊन तिने पासबुक छापून घेतले. आधीची शिल्लक बारा रुपये. त्यानंतर २७ मे रोजी पाच हजार जमा झालेले. त्याच दिवशी २९५ रुपये दोनदा वजा. दोन दिवसांनी ४३६ आणि २० रुपये वजा. ३० मे रोजी आधी अडीच हजार आणि काही मिनिटांनी चौदाशे वजा. शिल्लक ६६ रुपये. निम्मे पैसे खात्यात आलेच नव्हते, आणि जे आले त्यांना तीन वाटा फुटल्या होत्या. त्या वाटा एकेक करून पाहाव्या लागतात.

२९५ ही रक्कम ज्यांच्या खात्यातून कधी गेली आहे त्यांना ती ओळखीची असते. खात्यातून हप्ता वळता करण्याची परवानगी दिलेली असते आणि ठरलेल्या तारखेला शिल्लक नसते, तेव्हा हप्ता ‘बाऊन्स’ होतो. त्याचा दंड बँकेगणिक वेगळा असतो. अनेक ठिकाणी तो २५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४५ रुपये, असा २९५ होतो. या घरात मुलाच्या कॉलेजसाठी तालुक्याच्या दुकानातून हप्त्यावर मोबाइल घेतला होता. दुकानदाराने आईच्या खात्यावर आधारचा ओटीपी घेऊन हप्त्याची मंजुरी करून टाकली होती. ५ तारखेला फायनान्स कंपनीने हप्ता मागितला, खात्यात बारा रुपये होते. १० तारखेला पुन्हा मागितला, तेव्हाही बाराच. दोन दंड झाले, पण कापायला पैसे नसल्याने ते खात्यावर येणे म्हणून लागून राहिले. पुण्याहून पाच हजार जमा होताच बँकेने आधी आपले ५९० रुपये काढून घेतले. यात वाईट असे की एवढे होऊनही मोबाइलचा हप्ता भरला गेलेला नसतो. तो थकलेलाच राहतो आणि कंपनी आपला दंड त्यावर वेगळा लावते. शून्य शिलकीचे जनधन खाते असले म्हणजे असा दंड लागत नाही, असा बऱ्याच जणांचा समज आहे. तशा खात्याला किमान शिलकीची अट नसते, पण त्यामुळे बाऊन्स झालेल्या हप्त्याचा दंड माफ होत नाही. हे टाळायचे तर हप्त्याची तारीख पैसे येण्याच्या दिवसांनंतरची मागून घ्यावी लागते, नाहीतर हप्ता रोखीने भरून मंजुरी रद्द करवून घ्यावी लागते.

४३६ आणि २० हे आकडे देशभर सारखेच दिसतात. ४३६ रुपये प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचे आणि २० रुपये सुरक्षा विमा योजनेचे. जून २०२२ पूर्वी हे वार्षिक हप्ते ३३० आणि १२ रुपये होते. विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असते, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो. वर्षातून एकदाच होत असल्याने तो कोणाच्या लक्षात राहत नाही. पहिल्या योजनेत खातेदाराचा कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास वारसाला दोन लाख रुपये मिळतात. दुसरीत अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख. म्हणजे हे पैसे बुडालेले नाहीत, तिचा विमा वर्षभर चालू राहिला. फक्त खाते उघडताना कोणत्या कागदांवर सही झाली होती हे कोणी तिला नीट सांगितले नव्हते. विमा नको असेल तर शाखेत लेखी अर्ज देऊन कपात थांबवता येते. ठेवायचा असेल तर वारस म्हणून कोणाचे नाव लागले आहे, हे त्याच फेरीत पाहून घेणे चांगले.

तिसरी वाट अडीच हजारांची. ३० तारखेला केंद्रावर तिने अडीच हजार मागितले, अंगठा लावला, मशीनवर व्यवहार ‘फेल’ दिसला. केंद्रचालकाने शिल्लक पाहून चौदाशेचा दुसरा व्यवहार केला आणि तेवढेच तिला दिले. पण पहिल्या वेळी बँकेने खात्यातून रक्कम वजा केली होती. मध्येच जोडणी तुटल्याने केंद्रापर्यंत होकार पोचला नव्हता. इथे केंद्रचालकाने लबाडी केली की खरेच तांत्रिक घोटाळा झाला, हे नुसते पासबुक पाहून कळत नाही. फरक दाखवते ती पावती. फेल व्यवहाराचीही पावती मशीनमधून निघते, तिच्यावर वेळ आणि बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. ‘फेल’ असे छापलेली पावती हातात असेल तर शाखेतला अधिकारी तो क्रमांक टाकून पडताळणी करू शकतो. केंद्रचालक पावती द्यायची टाळत असेल, तर मात्र संशयाला जागा आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या नियमानुसार आधारवर आधारित अशा अडकलेल्या व्यवहाराची रक्कम पाच दिवसांत खात्यावर परत यायला हवी, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई खातेदाराने न मागताही द्यायची असते. या उदाहरणात रक्कम चौथ्या दिवशी परत आली. पण त्या चार दिवसांत घरात उसनवारी झाली, आणि तिची नोंद कोणत्याही पासबुकात नसते.

उरले मुळातच न आलेले पाच हजार. अशा दुकानांतून एका व्यवहारात सहसा पाच हजारच जातात, म्हणून दहा हजारांचे दोन व्यवहार झाले होते. नवऱ्याला दुकानदाराने दोन पावत्या दिल्या, दोन्हींवर ‘यशस्वी’ असेच छापलेले. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्हींचे फोटो पाठवले, तेव्हा पासबुकाशेजारी ठेवून पाहता आले. एका पावतीवर खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे तिच्या खात्याचे होते, दुसरीवरचे चार वेगळे होते. शोध इथे संपल्यासारखाच होता.

कारण अगदी साधे. दुकानदाराच्या यंत्रणेत पैसे पाठवणाऱ्याच्या मोबाइल क्रमांकाखाली, त्याने पूर्वी ज्यांना पैसे पाठवले त्या सगळ्यांची यादी साठवलेली असते. दिवाळीत नवऱ्याने धाकट्या भावाला दोन हजार पाठवले होते, तेव्हापासून त्याचे खाते यादीत होते. आडनाव एकच, गाव एकच. गर्दीच्या वेळी दुसरा व्यवहार करताना दुकानदाराचे बोट एक ओळ खाली पडले. एरवी ठेकेदाराला माणूस एका अक्षराने चुकला तरी हजेरीत पकडतो. इथे मात्र नावाचा उपयोग नसतो. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१०मध्येच बँकांना सांगितले आहे की इलेक्ट्रॉनिक हस्तांतरात रक्कम केवळ खाते क्रमांकावरून जमा केली जाईल, नाव जुळवण्याची सक्ती नाही. १ एप्रिल २०२५पासून आरटीजीएस आणि एनईएफटी करताना पैसे घेणाऱ्याचे बँकेतले नाव पाठवणाऱ्याला आधी दिसण्याची सोय आली आहे. दुकानातून जाणारे रोखीचे पैसे बहुधा आयएमपीएसने जातात. तिथल्या पावतीवरचे नाव कित्येकदा दुकानदाराने स्वतः टाइप केलेले असते, म्हणून त्यावर विसंबता येत नाही. पैसे देण्याआधी पडद्यावरचे शेवटचे चार आकडे आपल्याजवळच्या कागदाशी ताडून पाहणे, एवढीच खात्रीची तपासणी.

पैसे दिराच्या खात्यात निघाले, ते त्यालाही माहीत नव्हते. त्याच्या खात्याला जुना मोबाइल क्रमांक जोडलेला होता, त्यामुळे संदेश भलत्याच फोनवर जात होता. ‘वहिनी, मी तर बँकेत गेलोच नाही दोन महिने,’ असे म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी पैसे काढून दिले. खाते परक्याचे निघाले असते तर काम लांबले असते. खातेदाराच्या संमतीशिवाय बँक त्याच्या खात्यातून पैसे परत काढून देत नाही. चुकून मिळालेले पैसे परत करण्याचे बंधन भारतीय करार कायद्याच्या कलम ७२ने घातलेले आहे, पण ते बजावून घ्यायला पाठपुरावा लागतो. अशा तक्रारीत संदर्भ क्रमांक, तारीख आणि रक्कम घेऊन आधी पाठवणाऱ्या बाजूच्या बँकेकडे जावे लागते. गावातल्या शाखेत हेलपाटे मारून उपयोग नसतो, कारण तिथे तो व्यवहार आलेलाच नसतो.

पावतीवर ‘यशस्वी’ऐवजी ‘प्रलंबित’ असते तर पैसे कुठेच जमा न होता मधेच थांबलेले असतात. आयएमपीएसमध्ये असे पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत परत फिरायला हवेत. दुकानातून पाठवलेले असतील तर ते दुकानदाराच्या खात्यात परत येतात, आणि अनेक ठिकाणी ते मोकळे करायला पाठवणाऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो ओटीपी रोख रक्कम हातात पडल्याशिवाय सांगितला, तर पैसे दुकानदाराकडेच राहू शकतात. बँकेने तक्रारीवर ३० दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही, आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तिथेही पहिला प्रश्न बारा आकडी संदर्भ क्रमांकाचाच असतो.