जाहिरात तीच, पण आवाज तिचा

मराठी पॉडकास्टमध्ये गप्पा रंगात आलेल्या असतात आणि मध्येच सूत्रसंचालिकेचा सूर बदलतो. ‘महाराष्ट्रातील अग्रगण्य संस्था, अनुभवी प्राध्यापकवृंद, उत्कृष्ट निकालांची उज्ज्वल परंपरा! आजच आपला प्रवेश निश्चित करा!’ श्रोता तीस सेकंद पुढे जातो. प्रायोजकाचे पैसे तिथेच वाया गेलेले असतात. क्लासच्या पत्रकातला मजकूर बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी तसाच दिला की असं होणारच.

अशी जाहिरात लिहायला बसण्याआधी त्या पॉडकास्टचे दोन-तीन भाग कान देऊन ऐकावेत. ती पाहुण्याला ‘तुम्ही’ म्हणते की ‘तू’, वाक्य ‘म्हणजे कसंय’ने सुरू करते का, विषय बदलताना काय म्हणते, हे टिपून ठेवावं. पण नुसती लकब उचलून भागत नाही. एखादी गोष्ट तिला खरोखर ठाऊक असेल तरच ती सहज बोलते. म्हणून क्लासकडे पत्रक मागण्यापेक्षा तिला पाहता येईल अशी एखादी वस्तू मागावी.

समजा, प्रायोजक पुण्यातला स्पर्धा परीक्षांचा क्लास आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, त्यामुळे उत्तरलेखनाचा सराव ही त्यांची मुख्य विक्री. मग त्यांच्याकडून तपासलेली एक उत्तरपत्रिका मागवायची, विद्यार्थ्याच्या परवानगीने आणि नाव झाकून. ती सूत्रसंचालिकेच्या हातात द्यायची, आणि ती वाचताना ज्या ओळीवर थांबेल तिच्याभोवती मजकूर लिहायचा. साधारण असा:

‘जरा थांबूया. या भागाचे प्रायोजक आहेत अमुक क्लास, म्हणजे पुढचं मिनिटभर मी जे सांगतेय ती जाहिरात आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीये. नुसते गोळे रंगवून चालत नाही, उत्तर लिहावं लागतं. पण घरी लिहिलेलं उत्तर तपासणार कोण? मी यांच्याकडची एक तपासलेली उत्तरपत्रिका बघितली. समासात लाल पेनानं लिहिलं होतं, “प्रश्नात कारणं विचारली आहेत, तुम्ही परिणाम लिहिलेत.” एवढंच. पण हे कुणी दाखवल्याशिवाय आपल्याला कळत नाही. मी स्वतः ही परीक्षा दिलेली नाही, त्यामुळे पास व्हाल की नाही, हे मी सांगणार नाही. एक उत्तर ते मोफत तपासून देतात. लिंक खाली आहे. आधी ते करून बघा, फीचं नंतर ठरवा. जाहिरात संपली. हां, तर आपण कुठे होतो?’

हे नेहमीच्या गतीनं वाचलं तर मिनिटभरात बसतं. यात दावा एकच आहे आणि श्रोत्याला करायला सांगितलेलं कामही एकच. फोन नंबर नाही, कारण चालता-चालता ऐकणारा माणूस दहा आकडे लिहून घेत नाही. ‘मी परीक्षा दिलेली नाही’ हे वाक्य क्लासला खटकेल, पण ते काढू देऊ नये. बाकीच्या मजकुरावर श्रोता विश्वास ठेवतो तो त्याच वाक्यामुळे.

खरी ओढाताण निकालांवरून होते. मसुदा मंजुरीला गेला की ‘आमचे इतके विद्यार्थी अधिकारी झाले’ हे वाक्य परत येतं. इथे ठाम राहावं लागतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. निवडीची हमी देता येत नाही. यशस्वी उमेदवाराचं नाव वापरायचं तर निवडीनंतर घेतलेली त्याची लेखी संमती हवी, आणि त्याने कोणता कोर्स केला, तो किती काळाचा होता, त्याचे पैसे भरले होते का, हे सांगायला हवं. कारण उघड आहे: जाहिरातीत झळकणाऱ्या अनेकांनी संस्थेचं फक्त मोफत मुलाखत मार्गदर्शन घेतलेलं असायचं. एवढा तपशील मिनिटभरात मावत नाही, म्हणून निकाल बोलण्यातून वगळणंच योग्य. शिवाय ग्राहक संरक्षण कायद्यानुसार खोट्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही दंड होऊ शकतो. म्हणजे चूक क्लासची असली तरी तीसुद्धा अडचणीत येऊ शकते.

मसुदा ठरला की तिला तो दोनदा वाचू द्यावा, मग कागद काढून घेऊन तेच तिच्या शब्दांत सांगायला लावावं आणि रेकॉर्ड करावं. जिथे ती शब्द बदलते, तिथे बहुतेक वेळा आपलंच वाक्य जड झालेलं असतं. ‘उत्तरपत्रिका’ऐवजी ती ‘पेपर’ म्हणाली तर ‘पेपर’च ठेवावा. क्लासचं नाव, लिंक आणि जाहिरात असल्याचा उल्लेख, एवढंच मात्र अक्षरशः जसंच्या तसं हवं.

बॅच कधी सुरू होते आणि फी किती, हे आवाजात घालू नये. हा भाग कुणी दोन वर्षांनीही ऐकेल. तोवर तारीख उलटलेली असेल आणि फी वाढलेली. ते भागाखालच्या वर्णनात लिहावं, म्हणजे बदलता येतं.